एक टिचकी, दोन क्लिक

एक फोल्डर उघडायला गेले आणि तोच दोनदा उघडला. फाइल ओढून दुसरीकडे न्यायची, तर ती वाटेतच सुटून भलत्याच ठिकाणी पडली. आठवडाभर मी दोष माझ्या बोटाला देत होते.

मग एक साधी तपासणी केली. नोटपॅडमध्ये एक शब्द लिहिला आणि एकेक सेकंद थांबून त्यावर पन्नास वेळा क्लिक केलं. एका क्लिकने शब्दावर फक्त कर्सर यायला हवा. डबलक्लिक झालं, तरच पूर्ण शब्द निळा होतो. माझा शब्द नऊ वेळा निळा झाला. त्यानंतर विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये Primary mouse button समोर Right निवडलं, म्हणजे डाव्या बटणाचं काम उजव्याकडे गेलं. पुन्हा पन्नास क्लिक केले. या वेळी शब्द एकदाही निळा झाला नाही. कॉम्प्युटर तोच, वायर तीच, फक्त बटण बदललेलं. म्हणजे बिघाड डाव्या बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये होता.

हा स्विच म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटर लांबीची प्लास्टिकची डबी. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते आणि पट्टीची कमानदार जीभ तिला सतत ताणून धरते. बटण दाबलं, की पट्टी एका क्षणी टक्कन खाली उडी मारते आणि तिच्या टोकावरचा बिंदू खालच्या बिंदूला भिडतो. आपल्याला ऐकू येणारा 'टिक्' तो हाच. धातूवर धातू आपटला, की तो थोडा उसळतोच, त्यामुळे नवा स्विचही प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद जोडत-तोडत राहतो. माउसमधली चिप तेवढ्या वेळातल्या हालचालींकडे दुर्लक्ष करते, म्हणून आपल्याला ते कळत नाही. वापराने पट्टीचा ताण सैल पडतो आणि संपर्कबिंदूंवर काजळीचा, ऑक्साइडचा थर बसतो. मग संपर्क चिपने गृहीत धरलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ डळमळतो आणि चिप त्याला दुसरा क्लिक समजते. बटण दाबून धरलेलं असताना संपर्क क्षणभर तुटला, तर ओढलेली फाइल सुटते. माझ्या मते हीच खूण जास्त खात्रीची. डबलक्लिक चुकून बोटाकडूनही होतं, पण दाबून धरलेलं बटण बोट स्वतःहून सोडत नाही.

डबलक्लिकचा वेग बदलण्याचं सेटिंग इथे कामाचं नाही. त्याने दोन क्लिक एकत्र धरायचे की वेगळे एवढंच ठरतं, जादाचा क्लिक जात नाही. फार थोड्या वेळात आलेला दुसरा क्लिक गिळून टाकणारे छोटे प्रोग्राम मिळतात. त्यांनी दिवस ढकलता येतात, पण त्यातले बरेचसे ओढताना सुटणारी फाइल थांबवू शकत नाहीत.

खरा उपाय माउस उघडल्यावरच होतो. स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. हेअर ड्रायरने पट्ट्या थोड्या गरम केल्या, की न फाटता निघतात. वरचं झाकण हळू उचलायचं, कारण काही माउसमध्ये ते आतल्या बोर्डाला नाजूक रिबनने जोडलेलं असतं. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडून बटण वीस-तीस वेळा दाबलं, तर थर निघून काही दिवस आराम पडतो. शिवणयंत्राचं तेल मात्र चुकूनही घालू नये. स्विचची डबी उघडून पट्टीच्या जिभेला पुन्हा किंचित बाक देता येतो. मी ते करून पाहिलं. पट्टी पुन्हा खाचेत बसवायला तास गेला, वरचा तांदळाच्या कणीएवढा दट्ट्या दोनदा जमिनीवर शोधावा लागला आणि सहा आठवड्यांत दुखणं परत आलं.

शेवटी स्विचच बदलला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असा स्विच मागता येतो. जाताना जुन्या स्विचवरचा नंबर लिहून न्यावा. बंद पडलेल्या दुसऱ्या माउसमधला उजवा स्विचही चालतो, कारण तो फारसा झिजलेला नसतो. फक्त मापं जुळायला हवीत. जुन्या तिन्ही पायांवर आधी थोडं ताजं सोल्डर चढवायचं, म्हणजे सुकलेलं सोल्डर पटकन वितळतं. मग ते पंपाने ओढून घ्यायचं. पाय मोकळे होण्याआधी स्विच ओढला, तर त्याच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची चकती उपटून येते आणि सोपं काम अवघड होतं. नवा स्विच बसवताना दट्ट्या जुन्याच बाजूला यायला हवा, नाहीतर बटण त्यावर टेकणारच नाही.

जोडणी झाल्यावर मी पुन्हा नोटपॅड उघडलं आणि पन्नास क्लिक केले. शब्द एकदाही निळा झाला नाही.