राजीनाम्याच्या पत्रातली काटछाट

राजीनाम्याच्या पत्रातून कार्यालयाला तीनच गोष्टी हव्या असतात: कोण जातो आहे, कोणत्या पदावरून आणि कामाचा शेवटचा दिवस कोणता. पत्र सहसा एचआरच्या फाईलमध्ये राहते. पुढे रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि राहिलेल्या पैशांचा हिशेब करताना तेच पुन्हा उघडले जाते. तोवर ज्या साहेबांवर राग होता ते कदाचित दुसरीकडे गेलेले असतात, पण रागाची वाक्ये फाईलमध्ये तशीच असतात.

पहिला मसुदा बहुधा रात्री, चिडून लिहिला जातो. एखाद्या हिशेब विभागातल्या वरिष्ठ सहायकाचा ३ जूनचा मसुदा असा असू शकतो: “गेली चार वर्षे मी या विभागात राबतो आहे. दोनदा माझी बढती डावलली आणि माझ्यामागून आलेल्यांना दिली. मार्चअखेर रात्री दहापर्यंत थांबलो, तरी कुणी दखल घेतली नाही. प्रवासखर्चाची बिले जानेवारीपासून पडून आहेत. अशा वातावरणात काम करणे शक्य नाही, म्हणून राजीनामा देत आहे. दोन महिन्यांची नोटीस आहे हे माहीत आहे, पण लवकरात लवकर सोडलेत तर बरे.”

यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते. काटछाट करताना खरे-खोटे पाहायचे नसते, ते वाक्य या पत्राचे काम करते का एवढेच पाहायचे असते. बढती आणि रात्रीचे काम ही कारणे आहेत, आणि राजीनाम्यात कारण लिहिलेच पाहिजे असे सहसा नसते. ती वाक्ये सौम्य करत बसू नये, सरळ काढावीत. “काही निर्णय मनाला लागले” असे मवाळ केलेले वाक्य मूळ वाक्याहून जास्त टोचते, कारण वाचणारा त्यामागचे शोधू लागतो. प्रवासखर्चाचे मात्र वेगळे. तो कडवटपणा नाही, येणे आहे. बिलांच्या तारखा आणि रकमांसह त्याचा स्वतंत्र ईमेल लेखा विभागाला जावा.

मसुद्यातले सर्वांत धोक्याचे वाक्य शेवटचे आहे. “लवकरात लवकर” या शब्दांचा आधार घेऊन कंपनी आठवडाभरातही मोकळे करू शकते, मग उरलेल्या नोटीसच्या पगारावरून वाद होतो. उलट, मुदत न सांगता काम सोडले तर अनेक नियुक्तिपत्रांनुसार तेवढ्या दिवसांचा पगार कापला जातो. म्हणून कालावधी नियुक्तिपत्रात ज्या शब्दांत दिला आहे त्याच शब्दांत घ्यावा आणि तारीखही मोजून लिहावी. इथे कलम ‘६० दिवस’ म्हणते असे धरू. ४ जूनपासून मोजल्यास साठावा दिवस २ ऑगस्टला येतो. ३ जूनच पहिला दिवस धरला तर १ ऑगस्टला. एचआर कसे मोजते हे आधी विचारलेले बरे. लवकर जायचेच असेल, तर शिल्लक रजा वळती करण्याची किंवा उरलेल्या दिवसांचे पैसे भरण्याची विनंती वेगळी करता येते.

उरलेले पत्र असे:

“महोदय, मी हिशेब विभागातील वरिष्ठ सहायक पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील ६० दिवसांच्या नोटीस कालावधीनुसार २ ऑगस्ट हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत जूनअखेरच्या तिमाहीचे हिशेब पूर्ण करून काम नव्या सहकाऱ्याकडे सोपवीन. जीएसटीची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाची तयारी ही कामे मला इथे शिकता आली, त्याबद्दल आभारी आहे.”

आभाराचे वाक्य एकच आहे आणि ते खऱ्या गोष्टीचे आहे. “हे माझे दुसरे घर होते” असे रागावलेल्या माणसाने लिहिले की ते टोमण्यासारखे वाचले जाते. शिकलेल्या कामाचे नाव घेतले की ती अडचण राहत नाही.

सौजन्यालाही मर्यादा आहे. “माझी कोणतीही तक्रार किंवा येणे नाही” हे वाक्य शोभेसाठी कधीच घालू नये. पुढे पैसे मागताना तेच समोर ठेवले जाते. नोकरी सोडण्यामागे लैंगिक छळ असेल, तर त्याची लेखी तक्रार २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. राजीनाम्याचे पत्र लहान केले म्हणून ती तक्रार मागे पडू देऊ नये.

पत्र ईमेलने वरिष्ठांना आणि एचआरला एकाच वेळी पाठवावे, म्हणजे नोटीस कधी सुरू झाली याची नोंद राहते. त्याची प्रत वैयक्तिक ईमेलवरही ठेवावी, कारण शेवटच्या दिवशी कार्यालयाचा ईमेल बंद होतो. दोन-चार दिवसांत पोच आली नाही, तर शेवटच्या दिवसाची तारीख पुन्हा लिहून ती मागावी.