चष्म्याचा एकच आकडा

दुकानाच्या पाटीवर 'फ्रेम ९९९ रुपये' असते आणि बिल होते अडीच हजारांचे. यात फसवणूक असतेच असे नाही. फ्रेम, काचा आणि कोटिंग यांचे दर वेगळे लावायची पद्धतच तशी आहे. जपानमधल्या झॉफ या दुकानाने २००१ साली फ्रेम आणि काचा एकत्र धरून ५०००, ७००० आणि ९००० येन अशा तीनच किमती ठेवल्या. आपल्याकडेही आता अशी पॅकेजे दिसतात.

समजा, तुमचा नंबर उणे साडेचार आहे. पहिल्या दुकानात फ्रेम ९९९, १.५६ इंडेक्सच्या काचा ९००, अँटिग्लेअर ६००, म्हणजे एकूण २४९९. दुसऱ्याची पाटी २२०० ची, पण त्यात हे तिन्ही आले. पाटी बघून आपण पहिल्याकडे वळतो आणि २९९ रुपये जास्त देतो.

मात्र पॅकेज कोणत्या नंबरपर्यंत लागू, हे बारीक अक्षरांत असते. ठरावीक नंबरच्या काचा दुकानदाराला तयार मिळतात. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर काच मुद्दाम बनवून घ्यावी लागते आणि २२०० चे सहज २९०० होतात. प्रोग्रेसिव्हचा हिशोब तर वेगळाच. म्हणून आपला नंबर दाखवूनच किंमत विचारावी.

'पातळ काचेचे' महागडे पॅकेज घेण्याआधी फ्रेमच्या काडीवर ५४-१८ असे आकडे असतात, ते बघा. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा नाकावरचे अंतर. उणे नंबरची काच कडेला जाड होते; फ्रेम जितकी मोठी, तितकी कड जाड. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये ६२ मिलिमीटर अंतर धरले, तर उणे साडेचारला ५४ च्या फ्रेममध्ये १.६७ ची महाग काचही कडेला साधारण पाच मिलिमीटर भरते. ४८ च्या फ्रेममध्ये १.५६ ची स्वस्त काच त्याहून पातळ निघते! हे दुकानदाराला ठाऊक असते, पण सांगतो क्वचितच.

अँटिग्लेअरवर मात्र काटकसर नको. साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून १२ टक्के. त्यामुळे काच जितकी पातळ, तितकी या कोटिंगची गरज जास्त. ब्लू कटसाठी जादा पैसे मोजायचे कारण मला दिसत नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असे आढळले नाही.

काच फ्रेममध्ये बसल्यावर ती १.५६ ची की १.६० ची, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तयार काच छापील पाकिटातून येते. त्यावर नंबर, इंडेक्स आणि कोटिंग लिहिलेले असते. काच कापण्याआधी ते पाकीट बघायला मागा आणि हेच तपशील बिलावर लिहून घ्या.