सेंटलाही मुरावं लागतं

आज मी आमच्या गटाने केलेल्या एका चुकीबद्दल सांगणार आहे. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आम्ही फवारायच्या सेंटच्या बाटल्या भरल्या. गुरुवारी मिश्रण केलं आणि शनिवारी विकायला ठेवलं. बायका मनगटावर फवारा घ्यायच्या, वास घेऊन मान मागे करायच्या आणि म्हणायच्या, "नुसता स्पिरिटचा वास येतोय." उरलेल्या बाटल्या ओतूनच देणार होतो, पण कपाटात राहून गेल्या. पाच आठवड्यांनी एक उघडली, तर वास मऊ आणि भरलेला झाला होता. आत आम्ही काहीच घातलेलं नव्हतं.

असं का झालं? कैरीचं लोणचं कालवल्या दिवशी खाल्लं, तर मीठ वेगळं, मोहरी वेगळी, कैरी वेगळी लागते. सेंटचंही तसंच आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलातले काही घटक नाकाला टोचतात. अल्कोहोलमध्ये राहिल्यावर त्यांतले काही हळूहळू अल्कोहोलशी जोडले जातात आणि त्यांची धार कमी होते. वाळ्याचं तेल आणि लोबानाचा अर्क घट्ट असतात. ते पूर्ण विरघळायला वेळ घेतात, म्हणून पहिल्या दिवशी मागे राहतात. अल्कोहोल मात्र घट्ट बंद बाटलीतून कुठे जात नाही. त्यामुळे मुरलेलं सेंटही फवारल्या फवारल्या हुंगू नका. कागदाच्या पट्टीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग वास घ्या.

आता आमची पद्धत सांगते. 100 ग्रॅम सेंटसाठी संत्र्याच्या सालीचं तेल 5 ग्रॅम, जिरेनियमचं 3, वाळ्याचं 5 आणि लोबानाचा अर्क 2, असं 15 ग्रॅम काट्यावर मोजतो. ही तेलं आधी आपापसात मिसळून काचेच्या छोट्या बाटलीत आठवडाभर ठेवतो. मग त्यात 85 ग्रॅम परफ्युमचं अल्कोहोल घालतो. ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणा. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट किंवा थिनर नको, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. मिसळताना जवळ चूल, दिवा, उदबत्ती काही नको. विकायचं असेल, तर सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवानाही लागतो, तो आधी घ्या.

आता बाटलीवर तारीख लिहा आणि ती अंधाऱ्या, थंड कपाटात चार आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज एकदा हलक्या हाताने हलवा. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी. अर्धी रिकामी ठेवली, तर आतल्या हवेने संत्र्याचा वास उतरतो. टर्पेंटाइनसारखा वास आला, तर ते बिघडलं. ते पुन्हा मुरवून सुधारत नाही.

मुरलं हे कसं ओळखायचं? आठवणीवर विसंबू नका, रोज हुंगून नाकही सवयीचं होतं. चौथ्या आठवड्यात त्याच मापाने दोन-चार ग्रॅम नवं मिश्रण करा. जुनं आणि नवं, दोन पट्ट्यांवर शेजारी ठेवून दुसऱ्या बाईला हुंगायला द्या. तिला फरक जाणवला आणि जुन्याचा वास गोल वाटला, की झालं. सहा आठवड्यांनीही एकच वास टोचत असेल, तर चूक मापात आहे, वाट बघून ती सुटणार नाही.

शेवटचं काम गाळण्याचं. तेलांतलं मेण गारव्याने गोठतं आणि सेंट गढूळ दिसतं. म्हणून भरण्याआधी आपणच ते गार करायचं. झाकण घट्ट लावून बाटली बर्फाच्या पाण्यात, थर्माकोलच्या डब्यात रात्रभर ठेवतो. मध्ये एकदा बर्फ घालतो. घरच्या फ्रिजमध्ये अल्कोहोलची वाफ साचली, तर ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून आम्ही ते टाळतो. सकाळी गारच असताना गाळण-कागदातून गाळायचं. कोमट होऊ दिलं, तर मेण पुन्हा विरघळून कागदातून पार जातं. कापडातून गाळू नका, त्याचे तंतू पडतात.

गाळूनही पुढे थंडीत बाटली गढूळ झाली आणि उन्हाच्या उबेने साफ झाली, तर तिच्यात मेण राहिलंय. पुन्हा गार करून गाळा. पण दुधासारखं पांढरं होऊन तसंच राहिलं, तर पाणी जास्त पडलंय. त्यात थोडं अल्कोहोल वाढवावं लागेल.

आता आमच्या वहीत मिश्रणाची तारीख आणि विक्रीची तारीख, अशा दोन तारखा असतात. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी तेलं आम्ही गणपतीच्या आसपासच मिसळतो.