एकच मेसेज, दोनदा गुरगुर

मेसेज एकच येतो, पण खिशातला फोनही थरथरतो आणि मनगटावरचं घड्याळही. असं का होतं, हे घड्याळ कोणत्या जातीचं आहे यावर ठरतं. अ‍ॅपल वॉचमध्ये ही वाटणी आधीच केलेली असते. आयफोन उघडून वापरात असेल तर सूचना फोनवर येते. तो लॉक असेल आणि घड्याळ हातात असेल तर ती घड्याळावर जाते. फोन कॉल मात्र दोन्हीकडे वाजतो. कोणत्या अ‍ॅपने मनगट हलवायचं, हे आयफोनवरच्या वॉच अ‍ॅपमध्ये Notifications उघडून, खाली Mirror iPhone Alerts From या यादीत ठरवता येतं.

अँड्रॉइड फोनला जोडलेल्या दोन-तीन हजारांच्या घड्याळांत अशी वाटणी बहुधा नसते. घड्याळ कंपनीचं अ‍ॅप फोनवरच्या सूचना वाचण्याची परवानगी घेतं आणि प्रत सूचनेची ब्लूटूथने मनगटाकडे पाठवतं. फोन आपलं काम करतो, घड्याळ आपलं. म्हणून दुहेरी थरथर थांबवायला व्हॉट्सअ‍ॅपची सूचनाच बंद केली, तर घड्याळही मुकं होतं. मूळ सूचनाच नसेल तर प्रत कशाची निघणार?

समजा, एका शिक्षिकेला वर्गात फक्त घरचे कॉल, बँकेचे एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपचे थेट मेसेज मनगटावर हवे आहेत. तिने आधी घड्याळाच्या अ‍ॅपमधल्या यादीत फोन, मेसेजेस आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढेच चालू ठेवावेत. खरेदी, जेवण मागवण्याची अ‍ॅप्स आणि खेळ सरळ बंद. मग फोन ‘व्हायब्रेट’वर नव्हे, तर पूर्ण ‘सायलेंट’वर टाकावा. सूचना पडद्यावर येत राहतात, घड्याळ त्या उचलतं आणि फोन शांत राहतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ मात्र वेगळं आहे; काही घड्याळं फोनसोबत तेही लागू करून घेतात आणि मग मनगटही गप्प होतं.

खरी डोकेदुखी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची. ग्रुप म्यूट केला तरी अँड्रॉइडवर त्याची सूचना आवाजाविना येत राहू शकते, आणि तशी ती आली तर प्रत्येक सूचना उचलणारं घड्याळ त्यावरही थरथरू शकतं. अशा वेळी तो ग्रुप अर्काइव्ह करणं जास्त उपयोगी. किंवा फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनांचे प्रकार उघडून फक्त ग्रुपचा प्रकार बंद करावा, म्हणजे थेट मेसेज सुरू राहतात.

घड्याळच एका मेसेजला दोनदा थरथरत असेल, तर घड्याळावर त्याच अ‍ॅपची स्वतंत्र आवृत्तीही बसवलेली आहे का ते बघावं.

सायलेंट फोनचा एक धोका आहे. तो दुसऱ्या खोलीत राहिला आणि ब्लूटूथ तुटलं, तर कॉल आल्याचं कुठेच कळत नाही. घरी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर वर्ग संपताच फोनचा आवाज परत चालू करा.