गट प्रकल्पातील चॅटचे वाचन : कामाचा माग कसा काढावा

प्रस्तावना

पदवी वर्गात गट प्रकल्प दिला की चार-पाच विद्यार्थी एक अहवाल सादर करतात आणि बहुतेक वेळा सर्वांना सारखेच गुण मिळतात. अहवालाच्या मुखपृष्ठावर पाच नावे असतात, परंतु काम किती जणांनी केले हे मुखपृष्ठ सांगत नाही. अलीकडे विद्यार्थी प्रकल्पासाठी व्हॉट्सअॅपवर गट काढतात. कामाची वाटणी, आठवणी, अडचणी आणि फायलींची देवघेव त्याच गटात होते. त्यामुळे काम कसे झाले याची एक नोंद आपोआप तयार होते. ती नोंद कशी वाचावी, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे मांडले आहे.

प्रथम एक जुने संशोधन लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ओढ मोजली. त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाची सरासरी ओढ कमी होते, असे त्यांना आढळले. याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे सर्वांची ओढ एकाच क्षणी पडत नाही, आणि दुसरे म्हणजे इतर लोक आहेत म्हणून माणूस स्वतः जोर कमी लावतो. लताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ साली टाळ्या वाजविण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतून ही दोन कारणे वेगळी करून दाखविली. चॅट वाचणाऱ्या शिक्षकापुढेही हाच प्रश्न असतो. काम अडले ते मेळ न बसल्यामुळे, की कोणी अंग चोरल्यामुळे? नुसत्या संदेशांच्या संख्येवरून याचे उत्तर मिळत नाही.

नोंद हाती कशी घ्यावी

प्रकल्प सुरू होतानाच विद्यार्थ्यांना सांगावे की केवळ प्रकल्पापुरता वेगळा गट काढा आणि शेवटी ही नोंद शिक्षक पाहतील. मित्रमंडळींचा खासगी गट मागू नये. काम संपल्यावर गटातील एखादा विद्यार्थी आपल्या मोबाईलवर `Export chat` हा पर्याय निवडून, फायलींशिवाय, संपूर्ण संभाषण मजकुराच्या एका फाइलमध्ये देऊ शकतो.

या फाइलच्या काही मर्यादा आहेत. ज्याच्या मोबाईलमधून ती काढली त्याच्याकडे जे उरले आहे तेवढेच तिच्यात असते. त्याने स्वतःपुरते पुसलेले संदेश तिच्यात येत नाहीत, आणि तो गटात उशिरा सामील झाला असेल तर आधीचा भागही येत नाही. शिवाय ती साधी मजकूर फाइल असल्याने तिच्यात फेरफार करता येतो. म्हणून दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून फाइल घ्यावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात. एकीत असलेला संदेश दुसरीत नसेल तर तेथे थांबून विचारणा करावी. तारखेचा क्रम मोबाईलच्या मांडणीप्रमाणे बदलतो. त्यामुळे 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे आधी निश्चित करावे.

एक उदाहरण

खालील उदाहरण पद्धत समजावी म्हणून रचलेले आहे. बीदर तालुक्यातील जनवाडा येथे ४० घरांतील पिण्याच्या पाण्याच्या सोयीची पाहणी करावयाची आहे. गटात क, ख, ग, घ, च असे पाच विद्यार्थी असून त्यांपैकी ग आणि च या विद्यार्थिनी आहेत. ४ मार्च २०२४ रोजी त्यांनी वाटणी केली. प्रश्नावली क याने करावी, ग व च यांनी प्रत्येकी २० घरे पाहावीत, सर्व फॉर्म १४ तारखेपर्यंत यावेत, ख याने १७ तारखेपर्यंत तक्ता करावा आणि अहवाल घ याने लिहावा, असे ठरले. संभाषणातील आवश्यक ओळी येथे देवनागरीत घेतल्या आहेत.

```
08/03/24, 9:14 pm - ग: उद्यापासून जाते
12/03/24, 7:40 pm - च: <Media omitted>
12/03/24, 7:41 pm - च: २० घरांचे फॉर्म
12/03/24, 9:05 pm - ग: होत आलं
15/03/24, 6:22 pm - ख: निम्मा तक्ता टाकलाय. बाकी फॉर्म कधी?
18/03/24, 8:30 pm - ग: ८ घरं झाली, १२ राहिली
19/03/24, 9:02 pm - ग: <Media omitted>
20/03/24, 8:52 pm - च: <Media omitted>
22/03/24, 10:10 pm - ख: <Media omitted>
```

एकूण २१२ संदेशांपैकी क याचे ९६, ख याचे ५१, ग हिचे ३४, घ याचे २२ आणि च हिचे केवळ ९ आहेत. या आकड्यांवरून गुण दिले तर च सर्वांत शेवटी जाईल. तक्ता पाच दिवस उशिरा आला म्हणून ठपका ख याच्यावर येईल. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

संदेश नव्हे, काम मोजावे

वाचनाचे एकक संदेश नसून काम असावे. वाटणीतील प्रत्येक कामासाठी वहीत एक ओळ आखावी आणि तिच्यात चार तारखा लिहाव्यात. काम अंगावर कधी घेतले, अडचण कधी सांगितली, काम गटाच्या हवाली कधी केले आणि दुसऱ्या कोणी ते तपासले किंवा पुढे वापरले ते कधी. एखादी तारीख सापडली नाही तर ती जागा कोरी ठेवावी. बहुतेक वेळा कोरी जागाच सर्वांत जास्त बोलते.

च हिचे नऊ संदेश या पद्धतीने पाहिले तर दोन फायलींत मिळून ३२ घरांचे फॉर्म आहेत. तिने पहिले २० फॉर्म एका फाइलमध्ये न देता २० छायाचित्रांतून पाठवले असते, तर काम तेवढेच राहून तिचे संदेश मात्र १९ ने वाढले असते. संख्येवर का विसंबू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. घ याच्या २२ संदेशांपैकी दोनच महत्त्वाचे आहेत. प्रश्नावलीतील चौथा प्रश्न लोकांना समजणार नाही असे सांगून त्याने तो नव्याने लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी क याने तोच प्रश्न वापरला. दुसऱ्याच्या कामातील अशी दुरुस्ती अहवालात कोठेही दिसत नाही. ती फक्त संभाषणातच सापडते.

अडले की वाट पाहिली

आता ख याच्या उशिराचा विचार करू. १२ तारखेला त्याला निम्मे फॉर्म मिळाले आणि १५ तारखेला त्याने निम्मा तक्ता दिला. त्यानंतर १९ तारखेपर्यंत त्याच्या हाती नवा एकही फॉर्म आला नाही. शेवटचे फॉर्म २० तारखेला आले आणि २२ तारखेला तक्ता पूर्ण झाला. मूळ वाटणीत त्याला तीन दिवस दिले होते. शेवटच्या फॉर्मनंतर त्याने दोनच घेतले. म्हणजे उशीर तक्त्याचा झाला, पण तो ख याचा नव्हता. काम थांबलेले दिसले की त्या दिवशी ते कोणाच्या हातात होते, हा एकच प्रश्न विचारावा.

ते ग हिच्या हातात होते. तिच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. २० पैकी ८ घरे झाली, हा कामातील तोटा. १२ तारखेला 'होत आलं' असे सांगून १८ पर्यंत खरा आकडा न देणे, हा मेळातील तोटा. दुसऱ्या तोट्याची किंमत गटाला जास्त मोजावी लागली. बारा घरे राहिल्याचे सहा दिवस आधी कळले असते तर वाटणी तेव्हाच बदलता आली असती.

क याच्या ९६ संदेशांपैकी ५८ शुभेच्छा, पुढे पाठवलेला मजकूर आणि आठवणी यांचे आहेत. १३ ते १७ तारखेदरम्यान त्याने 'सगळ्यांनी लवकर करा' असे अकरा वेळा लिहिले आणि त्याला एकही उपयोगी उत्तर आले नाही. १८ तारखेला च हिने ग हिला नाव घेऊन विचारले, 'किती घरं झाली?' तेव्हा अवघ्या काही मिनिटांत आकडा आला, आणि उरलेली बारा घरे च हिने घेतली. सर्वांना उद्देशून केलेली सूचना कोणालाच आपली वाटत नाही. त्यामुळे समन्वयाचे गुण देताना आठवणींची संख्या पाहू नये. कोणत्या संदेशामुळे काम हलले, ते पाहावे.

भाषेची अडचण

सीमाभागातील गटांत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच संभाषणात येतात आणि लिपी बहुधा रोमन असते. येथे वचन आणि पूर्तता यांत गल्लत होण्याचा धोका आहे. या भागातील कन्नडमध्ये 'माडतीनी' म्हणजे करतो आणि 'माडीनी' म्हणजे केले आहे. घाईत लिहिलेल्या रोमन अक्षरांत हा फरक एका अक्षराचा उरतो. मराठीतले 'करतो' हेही बहुधा पुढचेच आश्वासन असते. म्हणून 'झाले' या अर्थाच्या कोणत्याही शब्दानंतर फाइल, आकडा किंवा छायाचित्र आले का, हे पाहावे. तसे काही आले नसेल तर ते काम झाले असे धरू नये.

चॅट जे सांगत नाही

समोरासमोर बसून केलेले काम, फोनवरचे बोलणे आणि गावात उन्हात केलेली पायपीट या नोंदीत येत नाही. ध्वनिसंदेशही या फाइलमध्ये केवळ `<Media omitted>` एवढेच दिसतात. काही विद्यार्थिनींकडे स्वतःचा मोबाईल नसतो आणि घरातील मोबाईल रात्रीच हाती येतो. एखादीचे सर्व संदेश साडेआठ ते साडेनऊ या वेळेतच असतील तर तिच्या मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी हे कारण विचारावे. वरील उदाहरणात ग हिच्या सर्व ओळी रात्रीच्या आहेत. यावरून काही सिद्ध होत नाही, पण विचारण्यास आधार मिळतो.

म्हणून चॅटवरून गुण ठरवू नयेत, तर प्रश्न ठरवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलावे. ग हिला तिच्या आठ घरांपैकी एका घराविषयी विचारावे, ख याला तक्त्यातील एक आकडा कोठून आला ते विचारावे, आणि च हिला शेवटची बारा घरे कोणत्या गल्लीतली होती ते विचारावे. ज्याने काम केले तो तपशील सांगतो. नोंद आणि उत्तर जुळले तर निर्णय सोपा होतो. जुळले नाही तर नोंदीपेक्षा उत्तराचा आणि मूळ फॉर्मचा विचार आधी करावा.

निष्कर्ष

वरील गटात सर्वांना सारखे गुण दिले असते तर च हिची ३२ घरे आणि ग हिची ८ घरे एकाच मोलाची ठरली असती. संदेश मोजून दिले असते तर त्याहून मोठा अन्याय झाला असता. कामागणिक चार तारखा लिहिल्या तर २१२ संदेशांचे संभाषण वहीच्या एका पानावर मावते, आणि त्या पानावर ज्या जागा कोऱ्या राहतात तेथूनच विद्यार्थ्याशी बोलणे सुरू करता येते.