उशीर नेमका कशामुळे? दोन रेघांचा आलेख

सॉफ्टवेअरची ठरलेली तारीख पुढे जाऊ लागली की पहिला संशय काम करणाऱ्यांवर येतो. तो खरा आहे की नाही, हे बर्नअप चार्टवर तपासता येतं. या आलेखात दोन रेघा असतात. खालची रेघ आजवर पूर्ण झालेलं काम दाखवते, वरची एकूण करायचं काम. दोन्ही जिथे मिळतील तो काम संपण्याचा दिवस.

समजा, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं अ‍ॅप करायचं आहे. काम अंदाजे 200 पॉइंटांचं आणि दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये 20 पॉइंट पूर्ण होतील, म्हणजे 10 स्प्रिंट. सहा स्प्रिंटनंतर 80 पॉइंट उरायला हवे होते, पण उरलेत 140. फक्त उरलेलं काम दाखवणाऱ्या बर्नडाउन चार्टवर टीम निम्म्या वेगाने चालल्यासारखी दिसते.

बर्नअपवर याच 140 ची दोन वेगळी चित्रं निघू शकतात. एकात वरची रेघ 200 वरच सपाट आहे आणि खालची कशीबशी 60 वर पोचली आहे. इथे काम खरंच संथ आहे. दुसऱ्यात खालची रेघ ठरल्याप्रमाणे 120 वर आहे, पण वरची 260 वर चढली आहे: मध्येच ऑनलाइन पैसे भरण्याची सोय मागितली गेली, मग रिपोर्ट पाठवण्याची. या टीमला वेग वाढवायला सांगणं अन्यायाचं आहे.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. 140 भागिले 20, म्हणजे सात स्प्रिंट, असं धरलं जातं. पण वरची रेघ दर वेळी 10 पॉइंटांनी चढतच राहिली, तर अंतर 10 नेच कमी होतं आणि 14 स्प्रिंट लागतात. म्हणून वरच्या रेघेचा चढही पुढे वाढवून बघावा.

मात्र वरची रेघ चढली म्हणजे नवी मागणीच आली, असं नाही. पाच पॉइंटांचं काम आठचं निघालं, तरी ती चढते. म्हणून प्रत्येक चढाखाली कोणती कामं आहेत, ती यादी उघडून पाहावी. खालच्या रेघेतही फसगत होते. चाचणी न झालेलं काम ‘पूर्ण’ धरलं तर ती छान चढत राहते आणि शेवटी अडते. उलट ती बराच काळ सपाट राहून एकदम उडी मारत असेल, तर काम बहुधा चाचणीपाशी साचतंय; तिथे आणखी प्रोग्रामर नेमून उपयोग नाही.

आपल्या दुसऱ्या टीमचा प्रश्न मात्र मागण्या करणाऱ्यांसमोर ठेवायला हवा. नंतर आलेले 60 पॉइंट पुढच्या आवृत्तीत ढकलले, तर वरची रेघ 200 वर उतरते, 80 पॉइंट उरतात आणि चार स्प्रिंटमध्ये मूळची तारीख गाठता येते.