मध्यरात्रीचा मोडका मेसेज: पेंग की काही वेगळं?

रात्री पाऊणच्या सुमारास मोठ्या भावाच्या फोनवर धाकट्याचा असा मेसेज येतो, असं समजू:

```
udya sakalinnau la nigju. chavo shejari thevl
```

बघताक्षणी हे अगम्य वाटतं, पण फोनचा कीबोर्ड समोर धरला की कोडं सुटतं. `nigju` मधला `j` हा `h` च्या लगेच उजवीकडे असतो, म्हणजे शब्द `nighu`. `chavo` मधला `o` हा `i` च्या उजवीकडे, म्हणजे `chavi`. `sakalinnau` मध्ये एक `n` जास्तीचा आहे आणि जिथे मोकळी जागा हवी तिथेच तो आलाय. स्पेसबारच्या अगदी वरच्या ओळीत `v`, `b`, `n`, `m` असतात. अंगठा जरा वर पडला की जागेऐवजी यांतलं एखादं अक्षर उमटतं. शेवटचा शब्द `thevli` होता होता राहिला. निरोप सरळ आहे: उद्या सकाळी नऊला निघू, चावी शेजारी ठेवली आहे. पठ्ठ्या अंथरुणात पडून लिहीत होता आणि वाक्य पुरं होण्याआधी पेंगला.

पेंगुळलेल्या मेसेजची पहिली खूण या उदाहरणात आहे. त्यातल्या चुकांना दिशा असते. इथे दोन्ही अक्षरं एकेक घर उजवीकडे सरकली आहेत, कारण हातातला फोन कलला होता आणि अंगठा नेहमीच्या जागी पडत नव्हता. चूक बोटाची आहे, विचाराची नाही. म्हणून शब्द मोडले तरी त्यांचा क्रम, क्रियापदं आणि बेत सगळं शाबूत राहतं. दुसरी खूण म्हणजे बिघाड शेवटाकडे वाढत जातो. `udya` स्वच्छ आहे, मधले शब्द डळमळीत आहेत आणि शेवटचा तुटलेला आहे. जागा माणूस घाईत लिहितो तेव्हा चुका कुठेही विखुरतात, झोपेत जाणाऱ्याच्या चुका उताराला लागतात. अर्धवट मेसेज पाठवला कसा गेला, याचं उत्तरही हातापाशीच आहे. व्हॉट्सॲपचं पाठवण्याचं बटण कीबोर्डच्या वर उजव्या टोकाला असतं. अँड्रॉइडवर काहींनी एंटर दाबताच मेसेज जाईल अशी सेटिंग ठेवलेली असते आणि एंटर खाली उजव्या कोपऱ्यात असतो. सैल पडलेला उजवा अंगठा या दोहोंपैकी कुठेही टेकू शकतो.

खिशातल्या फोनने, दोन वर्षांच्या पोराने किंवा लॅपटॉपवर बसलेल्या मांजराने लिहिलेलं यापेक्षा वेगळं दिसतं. त्यात शेजारची अक्षरं झुंडीने येतात, स्वर जवळजवळ नसतात आणि कुठलंही अक्षर बाजूला सरकवून पाहिलं तरी शब्द तयार होत नाही. एकाच अक्षराची लांबलचक रांग दिसली तर ते कुठल्या यंत्रावर लिहिलंय हे विचारावं. लॅपटॉपवर बोट कळीवर टेकून राहिलं तर अक्षर आपोआप उमटत राहतं. फोनवर सहसा तसं होत नाही. अक्षर दाबून धरलं तर त्याच्या चिन्हांकित रूपांची छोटी पट्टी वर येते. म्हणजे फोनवरून आलेले चाळीस `a` बहुधा कुणीतरी टकटक करून लिहिलेत. झोपेत टेकलेल्या एका अंगठ्याचं ते काम नाही.

मराठी लिहिणाऱ्यांच्या मेसेजला आणखी दोन पडदे असतात. पहिला पडदा लिप्यंतराचा. अनेकजण रोमन अक्षरांत लिहितात आणि कीबोर्ड त्याचं देवनागरी करतो. मग `nigju` चं 'निग्जू' असं काहीतरी विचित्र जोडाक्षर होऊन येतं आणि मूळ चूक झाकली जाते. असा शब्द आला की तो मनातल्या मनात परत रोमनमध्ये लिहून पाहावा आणि एकेका अक्षराचे शेजारी तपासावेत. 'निग्जू' तसाच ठेवून डोकं खाजवण्यात अर्थ नाही. दुसरा पडदा ऑटोकरेक्टचा. इंग्रजी कीबोर्डवर रोमन मराठी लिहिताना फोन `nighu` चं `night` करून टाकू शकतो. अशा वेळी मराठी वाक्याच्या मध्ये एक स्वच्छ, पण संबंध नसलेला इंग्रजी शब्द बसलेला दिसतो. त्याची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं पाहिली की मूळ शब्द बहुधा सापडतो, कारण फोन सहसा शब्दाचा शेवट बदलतो, सुरुवात राखतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर कीबोर्डचा नकाशा पुरे होता, पण तो कधीकधी फसवतो. मेंदूतल्या रक्तप्रवाहात अडथळा आला की भाषेचा ताबा सुटतो. आता माणसं बोलण्याइतकीच टाइप करत असल्याने हा बिघाड मेसेजमध्येही दिसतो. डॉक्टरांनी त्याला 'डिसटेक्स्टिया' असं नाव दिलं आहे. 2012 च्या अखेरीस एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनमधल्या पंचवीस वर्षांच्या गर्भवतीची हकिगत प्रसिद्ध झाली. बाळंतपणाची तारीख काय निघाली, असं नवऱ्याने मेसेजवर विचारलं. तिचं उत्तर आलं: `every where thinging days nighing`. तिच्या फोनवर ऑटोकरेक्ट बंद होतं, त्यामुळे खापर फोनवर फोडता येत नव्हतं. हे वाक्य कीबोर्डवर धरून पाहा. एकही अक्षर शेजारी सरकवून ते दुरुस्त होत नाही. शब्द इंग्रजीसारखे दिसतात, प्रत्ययही लागलेले आहेत, पण मागे वाक्यच नाही. धाकट्या भावाच्या मेसेजची ही बरोबर उलटी बाजू आहे. तिथे शब्द मोडके होते आणि अर्थ धड होता. इथे अक्षरं बऱ्यापैकी धड आणि अर्थ गायब. नवऱ्याला संशय आला, त्याने तिला इस्पितळात नेलं आणि पक्षाघाताचं निदान झालं.

दुसरी हकिगत अधिक अवघड आणि आपल्या विषयाच्या अगदी मर्मावरची आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये एका चाळिशीच्या माणसाबद्दल सांगितलं. कामानिमित्त बाहेरगावी असताना मध्यरात्रीनंतर त्याने बायकोला विस्कळीत मेसेज पाठवले. आपण नुकतेच जागे झालो आहोत, टाइपही करता येत नाही, अशा अर्थाचंही त्यात होतं. म्हणजे झोपेचं कारण त्याने स्वतःच दिलं होतं, आणि बायकोने ते मानलं असतं तर तिला दोष देता आला नसता. पुढे रुग्णालयात त्याचं बोलणं, वाचणं, हाताने लिहिणं तपासलं तर ते जवळजवळ ठीक निघालं. मग डॉक्टरांनी फोनवर एक वाक्य टाइप करायला सांगितलं: डॉक्टरला नवा ब्लॅकबेरी हवा आहे. त्याने लिहिलं: `Tjhe Doctor nddds a new bb`.

आता नकाशा लावून बघा. `j` हा `h` चा शेजारी. `d` हा `e` च्या खाली. `bb` म्हणजे ब्लॅकबेरी, तेही कळण्यासारखं. सगळ्या चुका शेजारच्याच, अर्थही शाबूत. आपल्या कसोटीवर हा मेसेज पेंगलेल्या माणसाचाच ठरला असता. पण तो लिहिताना तो दिवसाढवळ्या, डॉक्टरांसमोर जागा होता. आणि वाक्य बरोबर आहे का, असं विचारल्यावर त्यात त्याला काहीच चूक दिसली नाही. त्यालाही पक्षाघातच झाला होता.

कीबोर्डची कसोटी बोट कुठे पडलं एवढंच सांगते. ते तिथे का पडलं हे ती सांगू शकत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या मेसेजमध्ये मिळतं. झोपेतून उठल्यावरची गुंगी खरी असते, पण ती उतरते. साधारणपणे पंधरा मिनिटं ते अर्धा तास, गाढ झोपेतून उठवलं तर थोडी जास्त. पेंगुळलेला माणूस स्वतःचा मेसेज पुन्हा पाहतो तेव्हा ओशाळतो, हसतो, `nighu` असं दुरुस्त करून पाठवतो. चूक त्याला दिसते. म्हणून शंका आली तर 'बरा आहेस ना?' असं विचारून उपयोग नाही. त्याला 'हो' हे उत्तर अर्धवट शुद्धीतही सवयीने जातं. नेमकी माहिती द्यावी लागेल असं विचारावं: चावी कोणाकडे ठेवली? गाडी किती वाजता? झोपाळू उत्तर तुटक येईल, पण मुद्द्याचं येईल. मेंदूतला बिघाड असेल तर वेळ जाऊनही उत्तर भरकटलेलंच राहील, किंवा प्रश्नाशी त्याचा संबंध नसेल.

त्याहून बरं म्हणजे सरळ फोन लावावा. आवाज जड आहे की जीभ अडखळते, हे कानाला कळतं. घरात कुणी जवळ असेल तर हसायला सांगून ओठ एका बाजूला कललेत का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतो का, हे पाहता येतं. मधुमेहाची इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानात ठेवावं. रात्री साखर 70 च्या खाली घसरली तर घाम, थरथर आणि गोंधळलेलं बोलणं-लिहिणं होऊ शकतं. ग्लुकोमीटर असेल तर ते मिनिटाभरात कळतं आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखरपाणी देता येतं.

या खुणांना मर्यादाही आहेत. काही पक्षाघातांत माणसाला आपली चूक लख्ख कळते आणि लिहिता येत नाही म्हणून तो कासावीस होतो. त्यामुळे 'त्याला चूक दिसली, म्हणजे सगळं ठीक' असा उलटा निष्कर्ष काढू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांनीही मेसेज तसाच दिसतो. म्हणून चेहरा कलणं, हात लुळा पडणं, बोलणं बिघडणं यांपैकी काहीही जोडीला दिसलं तर अक्षरं जुळवत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा.

मग तोच चॅट दुसऱ्या कामाला येतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ मोजतात माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून, सकाळी उठल्यापासून नव्हे. रात्री एकटा झोपलेल्या माणसाबद्दल ही वेळ सांगणं घरच्यांना बहुधा जमत नाही. चॅटमध्ये ती नोंदलेली असते. अकरा वाजून दहा मिनिटांचा मेसेज सरळ, पाऊणचा मोडका, तर डॉक्टरांना आधी सांगायचं ते अकरा-दहा. त्यामुळे काळजीने किंवा लाजेने तो मोडका मेसेज पुसू नये. त्याच्या वरचा शेवटचा स्वच्छ मेसेज आणि त्याची वेळ, दोन्ही दाखवावीत.